एवारिस्तोनं बूम आडवी टाकली

एवारिस्तोला नाही म्हणता येत नसे. आमच्या कोर्बेला गावात कुणाची होडी ओढायची असो, कुणाच्या आजारी आईला इस्पितळात न्यायचं असो, लोक त्याच्या दारात जाऊन उभे राहत आणि तो हात पुसत बाहेर येई. "होऊन जाईल," हे त्याचं ठरलेलं उत्तर. त्याची बायको दोरिंदा माझ्यासोबत खाडीच्या वाळूपट्टीवर तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढते. ओहोटी लागली की आम्ही बायका फावडी, दाताळी आणि बादल्या घेऊन उतरतो आणि पाणी परत चढेपर्यंत कमरेत वाकून वाळू उकरतो. दोरिंदा मला नेहमी म्हणायची, "कासिल्दा, माझ्या नवऱ्याला सगळं गाव चांगलं म्हणतं ना, मग घरात नळ कोण दुरुस्त करणार ते तू सांग."

तरुणपणी तो मासेमारीच्या बोटीवर होता. पुढे पाठीचं दुखणं जडलं आणि त्याला बंदरावर तेल अडवणाऱ्या पथकात घेतलं. तिथं तो मुकादम झाला. आमच्या किनाऱ्यावरून जगभरातली जहाजं जातात, आणि तेल काय करतं ते इथल्या म्हाताऱ्यांनी एकदा नव्हे, बऱ्याचदा पाहिलंय. त्यामुळे बंदरावरच्या गोदामात ती नारिंगी बूम कायम घडी घालून ठेवलेली असे. बूम म्हणजे पाण्यावर तरंगणारा लांबलचक बांध. वरती हवेनं किंवा फोमनं फुगलेली नळी, तिला खाली पाण्यात लोंबणारा रबरी पडदा, आणि पडदा सरळ राहावा म्हणून तळाला साखळी. तेल पाण्यावर तरंगतं, ते त्या पडद्याला अडतं. मग स्किमर नावाचं यंत्र ते वरच्यावर ओढून टाकीत घेतं.

ऐकायला सोपं वाटतं. पण खाडीच्या तोंडाशी पाणी उभं राहत नाही. उधाणाच्या भरतीला ते तिथून माणूस भरभर चालतो तशा वेगानं आत येतं. बूम त्या धारेसमोर आडवी उभी केली तर तेल थोडा वेळ अडतं आणि मग पडद्याखालून थेंबाथेंबानं ओढलं जाऊन पलीकडे निघतं. माणूस रेंगाळत चालतो त्याच्या निम्मा वेग झाला तरी हे सुरू होतं. म्हणून बूम तिरकी टाकायची असते, धारेच्या जवळजवळ कलानं. मग तेल बूमवर धडकत नाही, तिच्या कडेकडेनं घसरत एका टोकाला जातं. त्या टोकाशी पाणी शांत हवं, ट्रक जायला रस्ता हवा, स्किमर लावायला जागा हवी. थोडक्यात, तेल कुठं येऊ द्यायचं ते आधी ठरवावं लागतं.

हे मला ठाऊक आहे कारण उशीआनं ते आम्हाला आमच्या मच्छीमार संस्थेच्या सभागृहात फळ्यावर काढून दाखवलं होतं. उशीआ ही सरकारकडून आलेली इंजिनिअर, कामाला कडक, हसायला मोकळी. तिनं आणि एवारिस्तोनं मिळून खाडीच्या तोंडाचा अभ्यास केला होता. बोटीतून संत्री टाकायची आणि ती कुठं वाहत जातात ते बघायचं. संत्री दर वेळी खाडीच्या तोंडाच्या थोडी आत, उत्तरेकडच्या लापास पुळणीवर लागायची. म्हणून ठरलं, कधी तेल आलंच तर बूम दक्षिणेच्या खडकापासून तिरकी आत आणायची आणि तेल लापासवर काढायचं. पुळण खराब होईल, पण वाळू उचलता येते. आतली आमची तिसऱ्यांची पट्टी वाचेल. चिखलात शिरलेलं तेल कुणाच्या बापाला काढता येत नाही.

लापासवर एकच उपाहारगृह होतं. ते एवारिस्तोच्या थोरल्या भावाचं, सेल्सोचं.

त्यांचा बाप समुद्रात बुडाला तेव्हा एवारिस्तो शाळेत होता. सेल्सो स्वित्झर्लंडला गेला, दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात भांडी घासली, पुढे भाज्या चिरल्या, पुढे स्वयंपाक केला, आणि घर चालवलं. परत आला तेव्हा केस पांढरे झाले होते. त्यानं लापासवर ती जागा घेतली, स्वतःच्या हातानं ओटा बांधला, खिडक्यांना निळा रंग दिला. उन्हाळ्यात माद्रिदची माणसं तिथं ऑक्टोपस खायला रांग लावत. एवारिस्तो भावापुढं कधी आवाज चढवून बोलला नाही. लहानपणीचं ते ऋण अजून त्याच्या मनात तसंच होतं.

नोव्हेंबरात एक मालवाहू जहाज इंजिन बंद पडून बाहेरच्या खडकांवर चढलं. नैर्ऋत्येचा वारा होता. जहाजाच्या पोटातलं जड इंधन गळायला लागलं. ते डांबरासारखं काळं आणि घट्ट असतं, आणि लाटांनी घुसळलं की पाणी पिऊन फुगतं, चॉकलेटच्या सायीसारखं तपकिरी होतं, आणि होतं त्याच्या कितीतरी पट दिसायला लागतं. बाहेर मोठी बचाव जहाजं आली. दोन जहाजांमध्ये बूम ओढून तेल गोळा करायला गेली, पण लाटा एवढ्या उंच होत्या की तेल बूमवरून उडून पलीकडे पडत होतं. दुपारपर्यंत त्यांना आडोशाला यावं लागलं. वारा तेल सरळ आमच्या खाडीच्या तोंडाकडे आणत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बायका धक्क्यावरच होतो. पथकाची माणसं गोदामातून बूम काढत होती. एवारिस्तो कानाला फोन लावून उशीआशी बोलत होता. ती तिकडे शहरातल्या नियंत्रण कक्षात बसून एकाच वेळी चार खाड्या सांभाळत होती.

तेवढ्यात सेल्सो आला. ॲप्रन तसाच अंगावर.

"ते औषध का नाही मारत तुम्ही?" त्यानं सगळ्यांसमोर विचारलं. "विमानातनं मारतात ते. तेल गायब होतं म्हणे."

"गायब नाही होत, सेल्सो," एवारिस्तो म्हणाला. "त्याचे बारीक कण होतात आणि ते पाण्यात मिसळतात. खोल समुद्रात ठीक आहे, तिथं ते विरून जातं. इथं कमरेएवढं पाणी. ते सगळं खाली तिसऱ्यांच्या तोंडात जाईल."

"मग बाहेरच मारा की!"

"मारून पाहिलं त्यांनी काल, थोड्यावर. फुटलंच नाही. तेल जड आहे, पाणी गार आहे, आणि एवढं घुसळलेलं. औषध त्याच्यावरून ओघळून गेलं. ताजं असतं, पातळ असतं, तर गोष्ट वेगळी होती."

सेल्सो पुढं सरकला. मग आवाज खाली करून, पण आम्हाला ऐकू येईल इतपत, म्हणाला, "म्हणजे माझ्या वाळूवर आणणार तू ते."

एवारिस्तोनं फोन खिशात घातला.

"मी विचारतोय तुला. आणणार?"

"योजना तशी आहे."

"योजना तुझ्या त्या बाईची. तू कोण आहेस? मुकादम ना? खाडी तुला कळते का तिला?" सेल्सोचा चेहरा लाल झाला नव्हता, पांढरा पडला होता. "एवढी वर्षं मी लोकांचं खरकटं काढलं, एवारिस्तो. आता या वयात माझ्या दारात डांबर ओतशील तू? स्वतःच्या हातानं?"

दोरिंदा माझ्या शेजारी उभी होती.  तिला वाटलं असेल बोलायची गरज नाही, योजना ठरलेली आहे. मलाही तसंच वाटलं.

आणि एवारिस्तोच्या तोंडून ते नेहमीचं निघालं. "बघतो मी. होऊन जाईल काहीतरी."

तो बोटीकडे चालत गेला. नंतर त्यानंच सांगितलं तेव्हा कळलं की बोटीत चढल्यावर त्यानं उशीआला फोन केला होता. ती म्हणाली, "वारा कसा आहे तिथं? तिरकी टाकायची ना, ठरल्याप्रमाणे?" आणि तो म्हणाला, "वारा फिरलाय. तिरकी धरणार नाही. तोंडच बंद करतो, सरळ." ती म्हणाली, "एवारिस्तो, तिथं धार जोरात आहे." तो म्हणाला, "भरती संथ आहे आज." आणि तिनं, त्याच्यावर विश्वास ठेवून, बरं म्हटलं.

वारा फिरला नव्हता. दिवस उधाणाचे होते.

पाणी थांबलेलं असताना त्यांनी बूम टाकली. दक्षिणेच्या खडकापासून उत्तरेच्या धक्क्याच्या टोकापर्यंत, सरळ, नारिंगी, जणू कुणी पट्टी ठेवून रेघ मारली. दिसायला इतकी सुंदर की खाडीवरच्या पुलावर जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. टीव्हीवाली एक मुलगी कॅमेऱ्यासमोर सांगत होती की कोर्बेलाचं दार बंद झालं. सेल्सोनं लांबून हात वर केला. मलाही हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. आमची पट्टी आत होती, दार बंद होतं.

मग भरती सुरू झाली.

सुरुवातीला बूम नुसती वाकली, आतल्या बाजूला पोट काढून. बाहेरून तपकिरी थर आला आणि तिला टेकला. टेकून राहिला. लोक म्हणाले, बघा अडलं. त्या पोटाच्या मधोमध थर जाड होत गेला. स्किमरवाली बोट तिथं गेली, यंत्राचं तोंड पाण्यात सोडलं. त्या यंत्राला जाड थरातलं, पण वाहतं तेल लागतं. इथं तेल लापशीसारखं, त्यात उपटलेलं समुद्री गवत गुंतलेलं. थोड्या वेळात त्याचं तोंड तुंबलं. माणसं हातानं गवत ओढून काढत होती, यंत्र पुन्हा चालू करत होती, टाकीत येत होतं ते बहुतेक पाणीच.

पहिल्यांदा दोरिंदानं पाहिलं. आम्ही पुलाच्या आतल्या बाजूला उभ्या होतो. ती म्हणाली, "हे काय गं?" बूमच्या अलीकडे, आमच्या बाजूला, पाण्यातून तपकिरी बटणं वर येत होती. एक, मग दोन, मग मुठीएवढे गोळे. वर आले की पसरायचे. बूम जागच्या जागी होती, फाटली नव्हती, उलटली नव्हती. तेल तिच्या खालून येत होतं.

"एवारिस्तो!" दोरिंदा ओरडली. "खालून येतंय! खालून!"

त्याला ऐकू आलं असावं, किंवा त्यानं आधीच पाहिलं असावं. त्यानं एक टोक सोडून बूम तिरकी करायचा प्रयत्न केला. पण भरलेल्या धारेत ताणलेली बूम म्हणजे भिंत. बोटीचं इंजिन किंचाळत होतं आणि बोट जागची हलत नव्हती. दोर सुटला तर कुणाचा हात गेला असता. शेवटी त्यानं माणसांना थांबवलं. मी त्याला पाहिलं, बोटीच्या नाकावर उभा, हात खाली सोडलेले, आणि पाणी त्याच्या बाजूनं आत जात होतं.

भरती पूर्ण झाली तेव्हा तेल पट्टीवर होतं. आणि तोंडातून आत आलेल्या तेलातला काही भाग, संत्री लागायची तसाच, लापासवर लागला. सेल्सोच्या ओट्यापाशी. तिथं ना ट्रक उभा होता ना स्किमर, कारण बूम तिथं आणायचीच नव्हती.

पुढचे आठवडे मला सांगवत नाहीत. पांढरे अंगरखे, मास्क, खोरी. लापासची वाळू यंत्रानं उचलून नेली, नवीन वर्षाआधी ती स्वच्छ दिसायला लागली. आमच्या पट्टीवर यंत्र नेता येत नाही, रुतलं तर तेल आणखी खाली जातं. आम्ही गुडघ्यावर बसून चमच्यासारख्या खुरप्यांनी वरचा थर खरवडायचो. तिसऱ्या उघड्या पडलेल्या, शिंपल्यांच्या फटीत काळं. एरुंदिना, आमच्यातली सर्वांत जुनी, एक शिंपली हातात घेऊन बसून राहिली होती. संस्थेनं पट्टी बंद केली. कधी उघडणार ते कुणालाच सांगता येईना.

एवारिस्तोला कुणी दोष दिला नाही. हे त्याच्यासाठी सर्वांत वाईट होतं असं आता वाटतं. लोकांनी जहाजाला शिव्या दिल्या, वाऱ्याला दिल्या, माद्रिदला दिल्या. तो बारमध्ये आला की कुणीतरी त्याच्यासाठी वाइन मागवायचं. "तू तरी काय करणार बाबा, समुद्र आहे तो." नगरपालिकेनं पथकाला जेवण दिलं, महापौरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दोरिंदानं सांगितलं, त्यानं ताटातलं मांस नुसतं चिरलं, खाल्लं नाही, आणि घरी येऊन ओकला. तिला वाटलं तेलाच्या वासानं असेल. तो सगळ्यांच्याच पोटात बसला होता.

संस्थेच्या सभागृहात सभा झाली. उशीआ आली. पूर्वी ती फळ्यापाशी उभी राहायची, या वेळी टेबलाशी उभी होती. म्हणाली, "बूम सरळ टाकायला मी संमती दिली. तिथल्या धारेत ती टिकणार नाही हे मला माहीत असायला हवं होतं. निर्णय माझा होता."

सभागृह पेटलं. एरुंदिना उभी राहिली. "शहरात बसून फोनवरून खाडी चालवतेस होय गं? आमच्या पोटावर खेळ करतेस?" कुणी काय, कुणी काय. दोरिंदाही उठली. दोरिंदा, जी कधी मोठ्यानं बोलत नाही. म्हणाली, "तू आम्हाला चित्रं काढून दाखवलीस. आम्ही तुझ्यावर भरवसा ठेवला. लाज वाटू दे थोडी."

उशीआनं मान खाली घातली. तिनं एवारिस्तोचं नाव घेतलं नाही. तो शेवटच्या रांगेत बसला होता, टोपी गुडघ्यांवर, आणि मी सहज वळून पाहिलं तेव्हा त्याचे कान जळत असल्यासारखे लाल होते. मला वाटलं, बिचारा, बायकोचा आवाज चढला म्हणून लाजला.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर त्यानं दोरिंदाला सांगितलं. ती दाराशी बसून बूट घासत होती. तिनं ब्रश थांबवला नाही. सगळं ऐकून घेतलं. सेल्सो, फोन, वारा, सगळं. मग विचारलं, "त्या मुलीला मी काय बोलले ते ऐकलंस ना तू?"

"ऐकलं."

"आणि बसून राहिलास."

त्यानं दुसरा बूट उचलला.

"मला सांगून मोकळा होऊ नकोस," ती म्हणाली. "मला सांगणं सोपं आहे. मी घरातली आहे."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला तो पट्टीवर आला. आम्ही खरवडत होतो. तो मास्क काढून उभा राहिला आणि बोलला. फार नाही बोलला. वारा फिरला नव्हता. उशीआनं विचारलं होतं, मी खोटं सांगितलं. तिरकी टाकली असती तर बरंचसं लापासवर निघालं असतं, सगळं नाही, पण बरंचसं. भावाला नाही म्हणता आलं नाही म्हणून मी तुम्हाला नाही म्हटलं, तुम्हाला न विचारता.

 खुरप्यांचा आवाज थांबला होता. एरुंदिना कमरेवर हात ठेवून मोठ्या कष्टानं उभी राहिली, त्याच्याजवळ गेली. मला वाटलं थोबाडीत मारेल. ती म्हणाली, "त्या पोरीला मी काय काय बोलले. आता मी कुठल्या तोंडानं तिच्यासमोर जाऊ? हे पण तूच केलंस." आणि परत जाऊन गुडघ्यावर बसली. आम्ही सगळ्याच खाली बघून कामाला लागलो. दोरिंदाचं खुरपं सर्वांत आधी चालू झालं होतं.

त्यानं उशीआला फोन केला. ती म्हणाली, विश्वास ठेवणं हा माझ्या कामाचा भाग नाही, तपासणं आहे. मी तपासलं नाही, तेवढं माझं. खोटं मात्र तुझं. ते मी वरती कळवणार. तिनं कळवलं. त्याचं मुकादमपण गेलं, नोकरी राहिली. आता तो दुसऱ्याच्या हाताखाली दोर ओढतो आणि कुणी काही मागितलं तर उत्तर द्यायला वेळ घेतो. लोकांना ते आवडत नाही. पूर्वीचा एवारिस्तो बरा होता म्हणतात.

सेल्सोनं त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याचं म्हणणं, वाळू तर माझी पण गेली, वर गावात माझं नाव घेतलंस. उन्हाळ्यात माद्रिदची माणसं आली, पण आमच्या गावचं कुणी त्याच्याकडे जेवायला गेलं नाही. नंतरच्या वर्षी, पुन्हा तेल आलं तर ते लापासवरच आणायचं का यावर सभा झाली तेव्हा तो आला, मागे उभा राहिला, आणि 'हो' म्हणणाऱ्यांनी हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यानं केला. कुणीही त्याच्याकडे बघितलं नाही.

पट्टी पुन्हा उघडली ती पुढच्या शरदात, आणि तीही अर्धीच. नाल्याकडचा भाग अजून बंद आहे, तिथं फावडं घातलं की खालून रंग निघतो. पहिल्या दिवशी एवारिस्तो दोरिंदाला व्हॅनमधून घेऊन आला. मीही मागे बसले होते. आम्ही उतरलो, बादल्या काढल्या. तोही इंजिन बंद करून उतरायला लागला, तिची दाताळी द्यायला.

"तू नको उतरूस," दोरिंदा म्हणाली.

आवाजात राग नव्हता. पण तो परत आत बसला, दार लावून घेतलं, आणि आम्ही पाणी उतरेल तशा खाली गेलो. किती तरी वेळानं मी पाठ सरळ करायला उभी राहिले तेव्हा व्हॅन अजून तिथंच होती. काचेमागे तो दिसत नव्हता, काचेवर नुसतं आभाळ दिसत होतं. मी दोरिंदाला म्हटलं, "अगं, तो अजून बसलाय."

"बसू दे," ती म्हणाली आणि पुढची ओळ उकरायला लागली.